मॅनेजरच्या टेबलावरची पाच पानं: छोट्या दुकानदाराने कर्जाची मागणी कशी मांडावी

जुलै २०२५ मध्ये कर्नाटकातल्या हजारो छोट्या व्यापाऱ्यांना तिथल्या वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा गेल्या. यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून खात्याने विचारलं होतं, की एवढी उलाढाल आहे तर जीएसटीची नोंदणी का नाही? बेंगळुरूत काही दुकानांवरचे क्यूआर कोड उतरले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. आपल्याकडेही अनेकांनी ती बातमी वाचून मनाशी ठरवलं असेल, की खात्यात जितकं कमी दिसेल तितकं बरं.

कर्ज मागायला गेल्यावर नेमकं इथेच अडतं. जो आकडा कर खात्याच्या नजरेआड राहावासा वाटतो, तोच बँकेला दाखवावासा वाटतो. पूर्वी ही दोन दालनं वेगळी होती. आता तसं राहिलेलं नाही. मार्च २०२५ पासून सरकारी बँकांनी छोट्या उद्योगांसाठी कर्ज तपासणीची नवी पद्धत आणली आहे. तिच्यात अर्जदाराच्या संमतीने जीएसटीची विवरणपत्रं, प्राप्तिकराचं रिटर्न, खात्याचे उतारे आणि सिबिलसारख्या संस्थेचा अहवाल संगणकच मागवून घेतो आणि शेजारी शेजारी ठेवून बघतो. त्यामुळे मॅनेजरसमोर जी मांडणी करायची, तिचं पहिलं काम धंद्याचं कौतुक करणं हे नाही. या सगळ्या कागदांत एकच धंदा दिसतोय ना, आणि त्या धंद्यातून हप्ता निघतोय ना, एवढंच तिने दाखवायचं आहे.

एक दुकान धरून चालू

बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात शाळेजवळ वह्या-पुस्तकं, दप्तरं, पेनं असं शालेय साहित्य विकणारं एक दुकान धरू. आठ वर्षं जुनं, भाड्याच्या गाळ्यात, एक मदतनीस. वर्षाची विक्री ४८ लाख रुपये. दुकानदारांना एक झेरॉक्सचं यंत्र आणि मांडण्या घ्यायच्या आहेत, शिवाय शाळा उघडण्याआधी भरपूर माल भरायचा आहे. मनात आकडा आहे दहा लाखांचा, कारण ‘मुद्रामध्ये दहा लाख मिळतात’ असं ऐकलंय.

मॅनेजर पहिल्यांदा याच दहा लाखांवर बोट ठेवेल. योजनेची कमाल रक्कम म्हणजे तुमची गरज नव्हे. गोल आकडा बघितला की कर्ज देणाऱ्याला शंका येते, की या माणसाने हिशेब केलेला नाही. आपल्या दुकानदारांनी बसून हिशेब केला तेव्हा गरज निघाली ६ लाख ४० हजारांची. ती कशी, ते पुढे येईल.

मॅनेजर नेमकं काय शोधत असतो

मॅनेजरला तुमचं कर्ज मंजूर करण्यासाठी एक टिपण लिहावं लागतं. बऱ्याच बँकांत आता शाखेत फक्त अर्ज घेतात आणि निर्णय दुसऱ्या गावातल्या प्रक्रिया केंद्रात होतो. तिथल्या अधिकाऱ्याने तुमचं दुकान पाहिलेलं नसतं, तुमचा स्वभाव त्याला माहीत नसतो. तुमची पाच पानं तुमच्याशिवाय बोलू शकली पाहिजेत, असं म्हणतो ते यासाठी. शाखेत तोंडी सांगितलेलं त्या केंद्रापर्यंत पोहोचत नाही.

त्या टिपणात मॅनेजरला तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असतात. हा माणूस आजवर कसा वागला? पैसे कशाला हवेत? आणि परत कुठून येणार? तिसरा प्रश्न सगळ्यांत जड, आणि तिथेच दुकानदार चुकीचं उत्तर देतात. ‘साहेब, दुकानात सात लाखांचा माल आहे’ असं सांगतात. विहिरीत आज किती पाणी दिसतंय यावर कोणी ऊस लावत नाही, झरा किती आहे ते बघतो. दुकानातला माल हे साठलेलं पाणी. हप्ता झऱ्यातून, म्हणजे दर महिन्याला खर्च जाऊन उरणाऱ्या पैशातून निघाला पाहिजे. माल विकून हप्ता भरला तर पुढच्या महिन्यात विकायला काय उरणार?

पहिलं पान: मागणी

मॅनेजरकडे वेळ कमी असतो. ‘आम्ही गेल्या अनेक वर्षांपासून ग्राहकांची मनोभावे सेवा करत आहोत’ अशी सुरुवात केलेले अर्ज मी कर्ज विभागात असताना पुष्कळ पाहिले. त्यांतलं पहिलं पान वाचून मागणी काय आहे तेच कळत नसे. त्यापेक्षा हे बघा:

‘शालेय साहित्याचं दुकान, आठ वर्षं, याच शाखेत चालू खातं. झेरॉक्स यंत्र व मांडण्यांसाठी २ लाख ४० हजार रुपयांचं मुदत कर्ज, तीन वर्षांत फेड. हंगामी मालासाठी ४ लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा. माझे स्वतःचे पैसे: यंत्रात ६० हजार, मालात दीड लाख. गेल्या वर्षीची विक्री ४८ लाख, घरखर्च जाऊन शिल्लक २ लाख २८ हजार.’

एवढ्यात मॅनेजरला टिपणाचा पहिला परिच्छेद मिळतो. सोबत आधार, पॅन, शॉप अ‍ॅक्टची पावती आणि उद्यम नोंदणी जोडायची. किरकोळ व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी करता येते आणि त्यामुळे त्यांचं कर्ज बँकेच्या प्राधान्य क्षेत्रात मोजलं जातं. ही नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नयेत.

दुसरं पान: धंद्याचा इतिहास, खड्ड्यांसकट

इतिहास म्हणजे दुकानाची जन्मकथा नव्हे. गेल्या तीन वर्षांची विक्री, कोणत्या महिन्यात किती, माल कोणाकडून येतो, त्यांचं देणं किती दिवसांत जातं, एवढं पुरे. आपल्या दुकानाची जवळपास निम्मी विक्री जून-जुलैत होते. हे आधीच सांगितलं नाही तर फेब्रुवारीचा उतारा बघून अधिकाऱ्याला वाटेल, धंदा बसलाय.

वाईट वर्ष लपवू नये. २०२०-२१ मध्ये शाळा बंद होत्या, तेव्हा अशा दुकानांची विक्री आपटली, हे कोणालाही माहीत आहे. मॅनेजरला त्या खड्ड्याचं काही वाटत नाही. त्याला जाणून घ्यायचं असतं, की त्या वर्षी व्यापाऱ्यांची देणी तुम्ही कशी भागवलीत. पुण्याच्या किंवा सोलापूरच्या घाऊक व्यापाऱ्याचं एक पत्र, ‘यांचं देणं वेळेवर येतं’ एवढंच लिहिलेलं, चार पानी स्तुतीपेक्षा जास्त कामाचं.

एक कागद बहुतेक जण विसरतात, तो म्हणजे गाळ्याचा करार. आपल्याकडे करार अकरा महिन्यांचे असतात आणि कर्ज तीन वर्षांचं. मालकाने उद्या गाळा रिकामा करायला सांगितला तर? आठ वर्षांतले जुने करार एकत्र लावले आणि मालकाचं ‘पुढेही नूतनीकरण करीन’ असं पत्र जोडलं, तर प्रश्न विचारला जाण्याआधीच सुटतो.

आणि सिबिल. हा ३०० ते ९०० मधला गुण असतो, तुम्ही आधीची कर्जं कशी फेडली त्यावरून ठरणारा. अर्ज करण्याआधी आपला अहवाल स्वतः काढून बघावा. प्रत्येक पतमाहिती संस्थेने वर्षातून एकदा तो मोफत द्यायचा असतो. चुलतभावाच्या कर्जाला जामीन राहिलेलं तिथे दिसतं. फेडून टाकलेलं पण बँकेने बंद न दाखवलेलं दुचाकीचं कर्जही दिसतं. दुरुस्तीला काही आठवडे लागतात, म्हणून हे काम सगळ्यांत आधी करायचं.

तिसरं पान: पैसे कशाला, आणि दोन कर्जं का

लोकांना वाटतं कर्ज म्हणजे कर्ज, हातात रक्कम आली की झालं. बँकेच्या हिशेबात मात्र यंत्राचं कर्ज वेगळं आणि मालाचं वेगळं.

यंत्र पाच-सहा वर्षं चालतं, हळूहळू कमावतं. म्हणून त्याला मुदत कर्ज, दर महिन्याला ठरलेला हप्ता. यंत्राचं दरपत्रक २ लाख २० हजारांचं, मांडण्यांचं ८० हजारांचं, एकूण तीन लाख. त्यातले ६० हजार दुकानदार स्वतः घालतात. याला बँकेत मार्जिन म्हणतात. बँक २ लाख ४० हजार देते, आणि तेही सहसा थेट विक्रेत्याच्या खात्यात. व्याज ११ टक्के धरलं तर छत्तीस महिन्यांसाठी हप्ता साधारण ७,८६० रुपये बसतो.

मालाचं तसं नाही. मार्चअखेरपासून वह्या भरायच्या, जूनमध्ये विकायच्या, जुलैअखेर पैसा परत हातात. असल्या गरजेसाठी कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी. यात बँक चार लाखांची मर्यादा ठरवून देते. हवे तेव्हा काढा, आले की भरा, आणि जितके वापरले तितक्यावरच व्याज द्या. आपले दुकानदार एप्रिल ते जुलै पूर्ण चार लाख वापरतील आणि उरलेले आठ महिने साधारण लाखभर. वर्षाची सरासरी दोन लाख, व्याज सुमारे २२ हजार.

चार लाखच का? मे महिन्याच्या अखेरीस दुकानात सात लाखांचा माल लागतो. त्यातला दीड लाखाचा माल व्यापारी उधारीवर देतात, दीड लाख दुकानदारांचे स्वतःचे, उरले चार. मॅनेजर याचा ताळा दुसऱ्या वाटेने घेईल. रिझर्व्ह बँकेच्या नायक समितीने घालून दिलेलं एक ढोबळ माप बँकांत चालतं: पुढच्या वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले २० टक्के बँकेने द्यायचे, ५ टक्के धंदेवाल्याने. विक्री ५० लाख धरली तर या मापाने बँकेचा वाटा दहा लाख येतो. मग दहा का मागू नयेत? कारण ते माप पैसा वर्षातून चारदा फिरतो असं धरून बनवलंय, आणि तुमची खरी गरज मे महिन्यातली आहे. मिळतात म्हणून घेतलेले जादा सहा लाख दुकानात राहत नाहीत. ते घराच्या स्लॅबमध्ये किंवा लग्नात जातात, आणि तिथून ते जुलैत परत येत नाहीत.

या पानावर फायद्याचाही हिशेब हवा. हंगामाआधी रोखीने घेतल्यास घाऊक व्यापारी पाच टक्के सूट देतो असं धरू. चार लाखांवर ती होते २० हजार, म्हणजे वर्षाचं व्याज जवळजवळ तिथेच निघालं. शाळा उघडायच्या आठवड्यात ‘दोनशे पानी संपली’ म्हणून परत जाणारं गिऱ्हाईक थांबेल, तो फायदा वरचा.

ड्रॉइंग पॉवर हे काय प्रकरण?

सीसी मिळाली म्हणजे चार लाख कधीही काढता येतात असं नाही. दर महिन्याला मालाचा तक्ता, म्हणजे स्टॉक स्टेटमेंट, बँकेला द्यावं लागतं. त्यावरून त्या महिन्यात किती काढता येतील ते ठरतं, त्याला ड्रॉइंग पॉवर म्हणतात. मे महिन्यात सात लाखांचा माल, त्यातून उधारीवर आणलेला दीड लाखाचा वजा, उरले साडेपाच. त्यातून २५ टक्के मार्जिन वजा केलं की ४ लाख १२ हजार. मर्यादा चारची, म्हणून पूर्ण चार मिळतील. नोव्हेंबरमध्ये माल चार लाखांचा आणि उधारी एक लाखाची असेल, तर तीनच्या पाऊण पट, म्हणजे सव्वादोन लाखच.

इथे एक धोका या धंद्यात खास आहे. अभ्यासक्रम बदलला की जुनी गाइडं रद्दी होतात. ती मांडणीवर ठेवून किमतीला माल धरला, तर पाहणीला आलेला अधिकारी धुळीवरून ओळखतो आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही त्याचा विश्वास उडतो. न खपणारा माल तक्त्यातून स्वतःच काढून टाकावा.

चौथं पान: हप्ता कुठून येणार

४८ लाखांच्या विक्रीवर, खरेदीची किंमत वजा जाता, १८ टक्के सुटतात असं धरू. होतात ८ लाख ६४ हजार. गाळ्याचं भाडं वर्षाला १ लाख ४४ हजार, मदतनिसाचा पगार १ लाख ८ हजार, वीज, वाहतूक, कर आणि किरकोळ मिळून १ लाख २० हजार. खर्च ३ लाख ७२ हजार. दुकानाचा नफा ४ लाख ९२ हजार.

पुष्कळ जण इथे थांबतात. पण हाच गल्ला घरही चालवतो. महिन्याला २२ हजारांचा घरखर्च धरला तर वर्षाचे २ लाख ६४ हजार जातात. उरतात २ लाख २८ हजार. हा खरा झरा. त्यातून सीसीचं व्याज २२ हजार गेलं की २ लाख ६ हजार. वर्षाचे हप्ते सुमारे ९४ हजार तीनशे. म्हणजे हप्त्यासाठी लागणाऱ्या एका रुपयामागे हातात २ रुपये १८ पैसे आहेत. बँक या गुणोत्तराला डीएससीआर म्हणते. तिचं नेमकं सूत्र थोडं वेगळं असतं, घसारा वगैरे त्यात येतं, पण अर्थ हाच. सव्वाच्या खाली असेल तर बँक सहसा मागे सरते, दीडच्या वर असेल तर निवांत असते.

यात झेरॉक्सची कमाई धरलेली नाही, हे मुद्दाम. रोज २५० प्रती, प्रतीला दोन रुपये, कागद-शाई-देखभाल जाऊन एक रुपया दहा पैसे सुटले, महिन्यात पंचवीस दिवस चालू राहिलं, तर ६,८७५ रुपये येतात. हप्त्याचा मोठा भाग त्यातून निघेल. ही ओळ पानावर असावी, पण ‘तरीही जुन्या धंद्यातूनच हप्ता झेपतो’ या वाक्याखाली. नव्या यंत्राच्या आशेवर हप्ता उभा केला की मॅनेजर तो आकडा खोडूनच पुढे वाचतो.

पाचवं पान: विक्री घटली तर?

हे पान सहसा कोणी देत नाही. मॅनेजर मात्र स्वतःच्या पेन्सिलीने ते करतोच, मग आपणच का देऊ नये?

विक्री दहा टक्क्यांनी घटली असं समजू. ४३ लाख २० हजारांवर १८ टक्क्यांनी ७ लाख ७८ हजार सुटतात. भाडं आणि पगार मात्र घटत नाहीत. खर्च, घर आणि सीसीचं व्याज वजा केलं की उरतात १ लाख २० हजार. गुणोत्तर दोनाच्या वरून १.२७ वर आलं. विक्री एक दशांश घटली, शिल्लक मात्र चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. आणि पंधरा टक्के घटली तर? उरतात ७६ हजार, हप्ते ९४ हजारांचे. पुरत नाहीत.

हा आकडा दाखवायला दुकानदार घाबरतात. माझं मत उलट आहे. पंधरा टक्क्यांची घट आली तर काय कराल, हे खाली दोन ओळींत लिहिलेलं असेल तर प्रस्ताव बळकट होतो. कमी पडणारे १८ हजार कुठून येणार? बँकेत ठेवलेल्या ५० हजारांच्या मुदत ठेवीतून, किंवा पत्नीच्या शिवणकामाच्या उत्पन्नातून, जे असेल ते खरं लिहावं. काहीच नसेल, तर कर्ज तीनऐवजी चार वर्षांचं मागावं. हप्ता उतरून ६,२०० च्या आसपास येतो, वर्षाचे हप्ते ७४-७५ हजार, आणि तेच ७६ हजार कसेबसे पुरतात. व्याज एकूण जास्त जातं, पण वाईट वर्ष निभावतं.

‘पण माझं रिटर्न तर इतकं दाखवत नाही!’

आता मुळावरची गाठ. छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता विक्रीच्या ठरावीक टक्के नफा दाखवून रिटर्न भरता येतं. ४४एडी या जुन्या कलमाच्या नावाने ही सवलत सगळ्यांना माहीत आहे. रोख विक्रीवर किमान ८ टक्के, डिजिटल विक्रीवर किमान ६. सल्लागार सवयीने किमान आकडा टाकतो. सगळी विक्री डिजिटल धरली तर ४८ लाखांवर नफा दिसतो २ लाख ८८ हजार. चौथ्या पानावर आपण ४ लाख ९२ हजार लिहिले. मॅनेजरने रिटर्नचा आकडा घेतला आणि घरखर्च वजा केला, तर उरतात वर्षाला २४ हजार. एवढ्यावर हप्ता तर सोडाच, सीसीचं व्याजच जेमतेम निघेल.

मॅनेजर कागदावरचाच आकडा धरणार, ‘खरं तर साहेब जास्त सुटतात’ हे टिपणात लिहिता येत नाही. आणि कायद्यातही ६ किंवा ८ टक्के हा तळ आहे, खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा असतो. गंमत अशी, की यात वाचत फारसं काही नाही. नव्या कररचनेत आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो, त्याआधीची दोन वर्षं ही सीमा सात लाखांची होती. ४ लाख ९२ हजार दाखवले असते तरी कर लागला नसता. न लागणारा कर वाचवण्यासाठी कर्जाची पात्रता घालवली, असा हा व्यवहार.

यावर झटपट उपाय नाही. काही जण अर्जाच्या आधी दोन वर्षांची रिटर्न एकाच आठवड्यात भरतात. भरल्याची तारीख कागदावर छापलेली असते आणि ती बघूनच अधिकारी सावध होतो. वर्षभर थांबून एक रिटर्न खऱ्या आकड्याचं वेळेवर भरलेलं, आणि तोवर छोटी रक्कम मागितलेली, हा रस्ता लांबचा पण चालणारा.

‘निम्मा धंदा रोखीत चालतो, तो कसा दाखवू?’

रोख खात्यात भरून. आठवड्यातून दोन-तीनदा गल्ला चालू खात्यात भरायचा आणि खर्चासाठी तिथूनच काढायचा. क्यूआर कोड मुलाच्या किंवा पत्नीच्या बचत खात्याला जोडलेला असेल तर आधी तो चालू खात्याला जोडून घ्यायचा. तीन खात्यांत विखुरलेली विक्री बँकेला एका धंद्याची म्हणून मोजता येत नाही.

त्याशिवाय एक पुरावा दुकानदाराजवळ असतो आणि तो कोणी वापरत नाही: खरेदीची बिलं. ४८ लाखांची विक्री १८ टक्के सुटून होते, तर खरेदी ३९ लाखांच्या वर असणारच. घाऊक व्यापाऱ्यांना तेवढे पैसे खात्यातून गेलेले दिसले, तर विक्रीचा आकडा आपोआप पटतो. उलट खरेदी २५ लाखांची आणि विक्री ४८ लाखांची लिहिली असेल, तर कोणत्याही अधिकाऱ्याला पहिल्या मिनिटात कळतं.

आणि नोटिशीची भीती? वस्तू विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल ४० लाखांवर गेली की जीएसटीची नोंदणी लागते, फक्त करमाफ वस्तू विकत असाल तर गोष्ट वेगळी. आपलं दुकान दप्तरं-पेनंही विकतं, म्हणून नोंदणी हवीच. दीड कोटीपर्यंतच्या व्यापाऱ्यांसाठी कंपोझिशन योजना आहे, तिच्यात व्यापाऱ्याला एक टक्का कर आणि कागदपत्रं कमी. नोंदणी असेल तर तोच यूपीआयचा उतारा नोटिशीचं कारण न होता कर्जाचा आधार होतो.

‘मुद्रा बिनतारणी आहे, मग एवढी चौकशी कशाला?’

सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या वीस लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना सांगून ठेवलंय, एप्रिल २०२६ आधी ही सीमा दहा लाखांची होती. मुद्रामध्ये ५० हजारांपर्यंत शिशू, पाच लाखांपर्यंत किशोर, दहा लाखांपर्यंत तरुण असे गट आहेत. तरुण गटातलं कर्ज नीट फेडलेल्यांना ऑक्टोबर २०२४ पासून वीस लाखांपर्यंत तरुण प्लस. आपले ६ लाख ४० हजार तरुणमध्ये बसतात. पण घर गहाण नाही म्हणूनच झऱ्याची चौकशी जास्त होते, कारण बँकेकडे दुसरं काही नाही.

सरकारी हमीबद्दलही गैरसमज आहे. कर्ज बुडालं तर हमी देणारी संस्था बँकेला काही भाग भरून देते. तुमचं देणं त्याने माफ होत नाही. वसुली सुरूच राहते आणि सिबिलवर डाग राहतो.

‘सीएने तीस पानी प्रोजेक्ट रिपोर्ट केलाय, तो पुरे ना?’

तो लागत असेल तर द्यावा, मोठ्या रकमेला लागतोच. पण झेरॉक्सच्या दुकानात मिळणारे तयार अहवाल अधिकारी ओळखतात. पाच वर्षांची विक्री दरवर्षी बरोबर पंधरा टक्क्यांनी वाढलेली, भाडं मात्र तेवढंच. मुख्य म्हणजे पाहणीला अधिकारी दुकानात येतो तेव्हा प्रश्न तुम्हाला विचारतो, सीएला नाही. ‘वह्यांवर किती सुटतात आणि दप्तरांवर किती?’ याचं उत्तर तीस पानांशी जुळलं नाही, तर तीस पानं वाया. पाच पानं स्वतः हाताने लिहून काढली असतील तर उत्तर तोंडात असतं.

नकार आला तर

पंचवीस लाखांपर्यंतच्या अशा कर्जांवर सगळी कागदपत्रं पूर्ण मिळाल्यापासून १४ कामकाजी दिवसांत निर्णय द्यावा, असं रिझर्व्ह बँकेचं सांगणं आहे. म्हणून अर्जाची तारखेची पोच घ्यावी, आणि कोणते कागद दिले त्याची यादी तिच्यावर असावी. नकाराचं कारणही लेखी मागावं, ते द्यायला बँक बांधील आहे. ‘वरून नाही आलं’ हे कारण नव्हे. लेखी कारणांत सहसा तीनपैकी एक सापडतं: सिबिलवर जुनी थकबाकी, रिटर्नमधलं उत्पन्न अपुरं, किंवा खात्यातली उलाढाल विक्रीशी न जुळणारी. पहिलं काही आठवड्यांत निस्तरतं, दुसऱ्याला पुढच्या रिटर्नपर्यंत थांबावं लागतं, तिसऱ्याला सहा महिने गल्ला नियमाने खात्यात भरावा लागतो. त्या काळात चार बँकांत एकदम अर्ज टाकू नयेत. प्रत्येक बँक चौकशी करते, ती चौकशी सिबिलच्या अहवालात नोंदली जाते, आणि पाचव्या मॅनेजरला आधीच्या चारही नोंदी दिसतात.